मेनूवरून आठवड्याची यादी: आधी ताटं मोजा, मग किलो

प्रश्न: घरात आम्ही चौघं, दोन मुलं शाळेत जाणारी. दर शनिवारी मी आठवड्याचा मेनू लिहिते आणि रविवारी मंडई आणि सुपरमार्केट उरकते. तरी शुक्रवारी फ्रीजमध्ये अर्धी मेथी काळी पडलेली असते, दुधी तसाच असतो आणि नेमकी कोथिंबीर किंवा बेसन संपलेलं असतं. मेनूवरून यादी नक्की कशी काढायची? मापं कशी ठरवायची?

उत्तर:

मी पुण्यात अठरा वर्षं डबे दिले. सुरुवात बारा डब्यांनी केली, शेवटी पंचेचाळीस होते. एका वर्षी गणपतीच्या आठवड्यात मी नेहमीच्या हिशेबाने आठ किलो दुधी आणला. डबा लावलेली निम्मी मुलं गावाला गेलेली, हे मला माहीत होतं, पण यादी लिहिताना डोक्यात आलं नाही. दुधी हलव्यात घातला, थालीपिठात घातला, शेजारी वाटला, आणि तरी दोन किलो टाकला. यादी चुकते ती बहुतेक वेळा इथे. भाजी किती लागते हे आपल्याला कळतं, जेवणार किती हे आपण मोजत नाही.

म्हणून मेनू हातात घेतल्यावर पहिल्यांदा वस्तू लिहू नका, ताटं लिहा. समजावं म्हणून माझ्या लेकीच्या घरचा मागच्या डिसेंबरमधला एक कागद घेते. तिथेही चौघंच आहेत: ती, जावई, तेरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. नात मोठ्यांएवढं जेवते, नातू निम्मं. म्हणजे त्या घराची एक वेळ साडेतीन ताटांची. आठवड्याच्या चौदा वेळा धरल्या तर ४९ ताटं होतात. पण बुधवारी जावई ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवतात, एक ताट गेलं. गुरुवारी त्यांचा उपास असतो, दुपारचं पोळीभाजीचं आणखी एक गेलं. शुक्रवारी रात्री सगळे बाहेर, साडेतीन गेली. रविवारी दुपारी सासूबाईंकडे, पुन्हा साडेतीन. उरली ४०. म्हणजे यादीला हात लावण्याआधीच जवळजवळ पाचवा हिस्सा कमी झाला. तुमची मेथी बहुधा याच पाचव्या हिश्शात काळी पडते.

ही वजाबाकी मेनूच्या कागदावरच करा. प्रत्येक वेळेपुढे कंसात ताटांचा आकडा लिहायचा, बास. लेकीचा मेनू असा होता:

सोमवार: डब्याला मेथी (३॥), रात्री वरण-भात, काकडीची कोशिंबीर, एकेक पोळी (३॥)
मंगळवार: श्रावणघेवडा (३॥), रात्री मटकीची उसळ-पोळी (३॥)
बुधवार: फ्लॉवर-बटाटा (२॥), रात्री आमटी-भात, बिटाची कोशिंबीर, एकेक पोळी (३॥)
गुरुवार: दुधी-चणाडाळ (२॥) आणि साबुदाण्याची खिचडी, रात्री पिठलं-भाकरी (३॥)
शुक्रवार: बटाट्याच्या काचऱ्या (३॥), रात्री बाहेर
शनिवार: कोबी, वरण, पोळी (३॥), रात्री मसालेभात (३॥)
रविवार: दुपारी नाही, रात्री मुगाची खिचडी-कढी (३॥)

या क्रमात एक गोष्ट मुद्दाम केलेली आहे. खरेदी रविवारी सकाळी, म्हणून मेथी सोमवारी. पालेभाजी दोन दिवसांत संपली पाहिजे. घेवडा, गवार, भेंडी, वांगी तीन-चार दिवस बरी राहतात. फ्लॉवर आणि दुधी आठवड्याच्या मध्यात चालतात. कोबी, गाजर, बीट, बटाटा शेवटी. मेनू लिहिताना चवीचा विचार सगळे करतात, पण भाजी कुठल्या दिवशी मरते हा विचार आधी केला तर निम्मं काम तिथेच होतं. तुमचा दुधी शुक्रवारपर्यंत पडून राहतो म्हणजे तो मेनूत असतो, पण बहुधा त्या दिवशी कंटाळा येतो. दुधीला गुरुवारच्या पलीकडे ढकलू नका, गुरुवारी नाही झाला तर तो पुढच्या रविवारीच बाहेर निघतो.

आता मापं. मी वजनकाट्यावर शिकले, पण घरी रोज काटा काढायची गरज नाही. चार-पाच आकडे पाठ असले की पुरतं. एका ताटाला तीन पोळ्या, आणि एक किलो कणकेच्या आमच्याकडे तीस पोळ्या होतात. फुलके करत असाल तर चाळीसपर्यंत जातील. तुमचा आकडा एकदा स्वतः मोजा, कारण प्रत्येकीचा गोळा वेगळा. भाताला ताटामागे ६० ग्रॅम तांदूळ, नुसता मसालेभातच असेल तर ८०. वरण-आमटीला डाळ ३० ग्रॅम. उसळीला कोरडं कडधान्य ४०. फळभाजी निवडून, चिरून ताटामागे १२० ग्रॅम. डब्याची एक बाजू तेवढ्याने नीट भरते.

त्यावरून लेकीचा हिशेब बघा. डब्याच्या आणि शनिवार दुपारच्या पोळीभाजीची ताटं झाली १९, तीन पोळ्यांच्या हिशेबाने ५७ पोळ्या. मंगळवारी उसळीबरोबर १०-११, आणि सोमवार-बुधवारच्या एकेक मिळून सात. एकूण ७५ च्या आसपास, म्हणजे अडीच किलो कणीक. तांदूळ चार वेळा मिळून ९०० ग्रॅम. तूरडाळ तीन वेळा, दर वेळी १०० ग्रॅम, म्हणजे ३००. मटकी १५० ग्रॅम पुरते. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त दिसते, त्यामुळे भिजवताना भांड्यात कमी वाटली तरी मूठ वाढवू नका. मोडाची मटकी उरते ती बहुतेक त्या वाढवलेल्या मुठीमुळेच. उसळ मंगळवारी रात्री, तर मटकी सोमवारी सकाळी भिजवायची आणि रात्री बांधायची. डिसेंबरात मोड हळू येतात, म्हणून तिने रविवारी रात्रीच भिजवली. मेनूच्या कागदावर रविवारपुढे ‘मटकी भिजव’ असं लिहिलेलं होतं.

भाजीत आणखी एक पायरी आहे, आणि सगळा घोळ तिथे होतो. आपण निवडलेली भाजी शिजवतो, पण न निवडलेली विकत घेतो. घेवड्याची टोकं आणि शिरा काढून दहावा हिस्सा जातो. साडेतीन ताटांना ४२० ग्रॅम निवडलेला हवा, म्हणजे बाजारातून अर्धा किलो. हिशेब बरोबर जुळला. फ्लॉवरचं तसं नाही. पानं आणि दांडा काढला की निम्म्याच्या आसपास उरतो. मटारच्या शेंगा एक किलो घेतल्या तर दाणे ४०० ग्रॅमच्या आसपास निघतात. मेथीच्या जुडीतले देठ आणि मुळं काढली की निम्मीच उरते, आणि कढईत ती आणखी बसते. म्हणून मेथी किलोने मोजूच नका, जुडीने मोजा. हिवाळ्यातल्या भरलेल्या जुड्या साडेतीन ताटांना दोन. पावसाळ्यात जुडी बारीक आणि महाग असते, तेव्हा तीन घेण्यापेक्षा मेथी मेनूतूनच काढा.

बुधवारच्या फ्लॉवर-बटाट्याला अडीच ताटांसाठी ३०० ग्रॅम चिरलेली भाजी हवी, त्यात निम्मा बटाटा. म्हणजे तुरे हवेत फक्त दीडशे ग्रॅम. पण पाव किलो फ्लॉवर कोण कापून देणार? गड्डा अर्ध्या-पाऊण किलोचाच येतो. इथे दोनच मार्ग आहेत: गड्डा न घेणं, किंवा उरलेल्या तुऱ्यांना त्याच आठवड्यात जागा देणं. लेकीच्या मेनूत शनिवारी रात्री मसालेभात आहे तो त्यासाठीच. त्यात उरलेले तुरे, दोन गाजरं, ओंजळभर मटार आणि एखादा बटाटा जातो. माझ्या स्वयंपाकघरात या वेळेला आम्ही ‘झाडू’ म्हणायचो. शनिवारी झाडू मारायचा. प्रत्येक मेनूत असा एक पदार्थ असलाच पाहिजे जो काहीही पोटात घेतो: मसालेभात, सांबार, थालीपीठ, पावभाजी. तो आठवड्याच्या शेवटीच ठेवायचा, बुधवारी नाही. बुधवारी अजून काही उरलेलं नसतं.

असंच कोबीचं. शनिवारी ४२० ग्रॅम हवा, गड्डा ६०० चा. राहिलेल्या तुकड्याची रविवारी खिचडीबरोबर पचडी. दुधीला अडीच ताटं, त्यात चणाडाळही पडते, म्हणून चारशे ग्रॅमचा लहान दुधी पुरतो. साल टाकायची नाही, तीळ घालून चटणी होते. पण लहान दुधी मिळालाच नाही आणि भाजीवाली एक किलोचा पुढे करते, तर नको म्हणा आणि त्या दिवशी दोडका घ्या. मेनू बदलला तरी चालतो, दुधी पूर्ण करण्यासाठी घरच्यांना दोनदा खायला लावू नये.

आता एक नियम, जो मी डब्यांच्या दिवसांत भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता: कोरडं वर, ओलं खाली. हिशेबात ३०० ग्रॅम तूरडाळ आली आणि पाकीट अर्ध्या किलोचं असलं तर अर्धा किलो घ्या, राहिलेली पुढच्या आठवड्यात जाईल. पण भाजीचा आकडा ४२० आला आणि काटा पाव किलोच्या टप्प्याने चालतो, तर जवळच्या खालच्या आकड्याचा विचार आधी करा. भाजी थोडी कमी पडली तर डब्यात लोणच्याची फोड किंवा चटणी वाढते, कुणी उपाशी राहत नाही. जास्त झाली तर ती सडते. (घेवड्याला मात्र अर्धा किलोच बरोबर, कारण त्यात टोकं जाणार होती.)

या नियमाला काही कोरड्या वस्तू अपवाद आहेत. रवा, बेसन, ज्वारी-बाजरीचं पीठ, दाण्याचं कूट, सुकं खोबरं. रव्यात अळ्या होतात, पावसाळ्यात तर बघता बघता. खोबरं आणि कूट खवट होतं. बाजरीचं पीठ कडू पडतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फुटते. तेव्हा गुरुवारच्या पिठलं-भाकरीला सात भाकऱ्या लागत असतील तर अर्धा किलो पीठ पुरतं, पाच किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. गिरणीवाला थोडं दळायला कुरकुरतो हे खरं. मी शेजारणीबरोबर दोन किलो ज्वारी दळून वाटून घ्यायचे.

एवढं झालं की तीन रकाने आखा: लागणार, घरात आहे, आणायचं. मधला रकाना स्वयंपाकघरात उभं राहून भरायचा. सोफ्यावर बसून आठवून भरला तर तो खोटाच असतो. डब्याचं झाकण उघडून बघा, फ्रीजचा खालचा कप्पा बाहेर ओढून बघा. लेकीच्या त्या आठवड्यात लागणाऱ्या ३०० ग्रॅम तूरडाळीपुढे घरात साधारण सहाशे होती, म्हणून तिसऱ्या रकान्यात रेघ. मटकी होती, रेघ. बेसन पिठल्याला दीडशे, कढीला आणि मेथीत पेरायला थोडं मिळून दोनशे लागणार होतं आणि घरात तळाशी ओंजळभर होतं. हे तुमचंच बेसन आहे. ‘आहे’ म्हणून यादीत येत नाही आणि गुरुवारी रात्री आठ वाजता कळतं की आहे, पण पुरत नाही. म्हणून मधल्या रकान्यात ‘आहे’ असं कधी लिहू नका, अंदाजे का होईना, आकडा लिहा.

मसाले, तेल, मीठ, साखर, चहा हे मेनूवरून काढायच्या भानगडीत पडू नका. त्यांचा आठवड्याचा हिशेब होत नाही. त्यांच्या बरणीवर मी तेलपेन्सिलने एक रेघ मारत असे, आठवडाभर पुरेल तेवढ्यावर. माल रेघेखाली गेला की वस्तू यादीत. मोहरी आणि हळद पुन्हा पुन्हा घरात येतात ती रेघ नसल्यामुळे. महिन्याचा किराणा वेगळा भरत असाल तर आठवड्याच्या यादीत या वस्तू रेघेशिवाय येऊच द्यायच्या नाहीत, नाहीतर एकच गोष्ट दोन याद्यांमधून घरी येते.

नाश्ता आणि दूध झटपट सांगते. पोह्यांना ताटामागे ८० ग्रॅम, उपम्याच्या रव्याला ५०. दूध रोजचं येतंच, यादीत फक्त वेगळं काही असेल ते. त्या आठवड्यात रविवारच्या कढीला दही लागणार होतं, म्हणून शनिवारी अर्धा लिटर जादा दूध, एवढी एक ओळ. विकतचं दही चारशे ग्रॅमचं आणून निम्मं आंबवण्यापेक्षा हे बरं. केळी मात्र डझनाने घेऊ नका. खाणारी तोंडं गुणिले चार दिवस, आणि त्यातली निम्मी हिरवट.

गुरुवारच्या साबुदाण्यावर एक गंमत. उपास एकट्या जावयांचा, पण ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’, त्यामुळे खिचडी बघून सगळ्यांचे चमचे येतात. एका ताटाला ७५ ग्रॅम साबुदाणा पुरतो, लेक दीडशे भिजवते. ही उधळपट्टी नाही, ही खरी मोजणी आहे. घरात जे होतं ते यादीत लिहावं, जे व्हायला हवं ते नाही. मुलांनी बीट खाल्लंच नाही असं तीनदा झालं असेल तर कोशिंबिरीची ताटं दोन धरा.

मग यादी दुकानाप्रमाणे मांडायची. मेनूच्या क्रमाने लिहिलेली यादी बाजारात उपयोगी पडत नाही. बटाटा बुधवारी आहे, गुरुवारी आहे, शुक्रवारी आहे, शनिवारीही आहे. बेरीज न करता गेलात तर कधी दोनदा घ्याल, कधी एकदाच. आधी एकाच वस्तूची सगळी ठिकाणं गोळा करा. लेकीचा बटाटा: बुधवारी १५०, शुक्रवारी काचऱ्यांना ४५०, खिचडीला एक, मसालेभाताला एक. सालासकट आठशेच्या वर गेला, म्हणून एक किलो. त्यानंतर हे गट, तुम्ही ज्या वाटेने चालता त्याच क्रमाने:

सुपरमार्केट, धान्य-पीठ: ज्वारीचं पीठ अर्धा किलो. बेसन अर्धा किलो. साबुदाणा पाव किलो. पोहे अर्धा किलो. (कणीक, तांदूळ, डाळी घरात.)
तेल-मसाले: जिरं १०० ग्रॅम, रेघेखाली गेलं म्हणून.
मंडई, जड आणि टणक: बटाटे १ किलो. कांदे दीड किलो. बीट २. गाजरं २. कोबी १ लहान. नारळ १.
मंडई, मधलं: फ्लॉवर १ लहान. दुधी १, चारशे ग्रॅमच्या आतला. घेवडा अर्धा किलो. काकडी २. मटार पाव किलो.
मंडई, मऊ आणि पाला: टोमॅटो अर्धा किलो. मेथी २ जुड्या. कोथिंबीर १ लहान जुडी. मिरच्या १०० ग्रॅम. आलं एक बोट. लिंबं ४.
दूध: शनिवारी अर्धा लिटर जादा.
गुरुवारी येताना: कोथिंबीर, दहा रुपयांची. टोमॅटो पाव किलो, संपत आले असतील तर.

मंडईचे तीन भाग कशाला, असं वाटेल. पिशवीसाठी. बटाटे तळाला, मेथी वर. उलटं केलं तर टोमॅटो घरी पोचेपर्यंत चेपतो, आणि चेपलेला टोमॅटो दोन दिवसांत नासतो. तीच भाजी, तेवढेच पैसे, फक्त विकत घ्यायचा क्रम चुकला. सुपरमार्केट आणि मंडई दोन्ही करायचं असेल तर आधी सुपरमार्केट, मंडई शेवटी, म्हणजे पाला गाडीत तापत राहत नाही. गोठवलेलं किंवा पनीर घेणार असाल तर मात्र क्रम फिरवा. आणि घरी आल्यावर कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना कोंब फुटतात आणि कांदे ओलसर होतात.

शेवटचा गट, ‘गुरुवारी येताना’, हा तुमच्या कोथिंबिरीचा इलाज आहे. सात दिवसांची कोथिंबीर एका दिवशी आणून ती टिकवायच्या युक्त्या लोक शोधत बसतात: कागदात गुंडाळ, डब्यात घाल, पाण्यात उभी कर. दोन-तीन दिवस त्याने वाढतात, आठवडा निघत नाही. काही वस्तू आठवड्याच्या मापाच्या नसतातच. त्या दोन हप्त्यांत आणायच्या, पण ठरवून, यादीत लिहून. न ठरवता गेलं की कोथिंबिरीबरोबर आणखी चार वस्तू घरी येतात. या गटात तीनपेक्षा जास्त ओळी होऊ द्यायच्या नाहीत.

मंडईत यादी मोडते ती दोन ठिकाणी. एक वाट्याला. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी ‘घ्या ताई, तीस रुपयांत सगळा’ म्हणून वांग्यांचा वाटा पुढे येतो. स्वस्त असतोच. त्या क्षणी मनात एकच प्रश्न विचारायचा: कुठल्या वारी? मेनूत वार सापडला नाही तर तो वाटा तीस रुपयांनी महाग आहे. सापडला, म्हणजे घेवड्याच्या जागी मंगळवारी वांगं बसलं, तर घेवड्यावर तिथल्या तिथे काट मारा आणि मग घ्या. दोन्ही घेतलं की संपलं. दुसरी जागा म्हणजे सुपरमार्केटातलं ‘दोनावर एक’. साबण असेल तर घ्या. ब्रेड असेल तर तिसरा पुडा बुरशीसाठीच आहे.

आणि मेनू कधीच पूर्ण पाळला जात नाही, हे धरूनच यादी लिहा. कुणी आजारी पडतं, पाहुणे येतात, शुक्रवारचं बाहेर जाणं रद्द होतं. म्हणून आठवड्यातल्या दोन वेळा अशा ठेवा ज्यांत नाशिवंत काहीच नाही. लेकीच्या कागदात पिठलं-भाकरी आणि मुगाची खिचडी या त्या दोन. शुक्रवारी बाहेर जाणं रद्द झालं तर खिचडी त्या दिवशी येते, रविवारी पुन्हा काहीतरी कोरडंच. या वेळा पुढेमागे सरकवल्या तरी फ्रीजमधलं काही सडत नाही. चौदाच्या चौदा वेळा ताज्या भाजीच्या असतील तर एका पाहुण्याने सगळा आठवडा कोसळतो.

आपली मापं बरोबर आहेत का, हे कसं कळणार? टाकलेल्या अन्नावरून. फ्रीजवर एक चिठ्ठी लावा आणि चार आठवडे जे टाकाल ते लिहा, पण दोन बाजूंना: कच्चं आणि शिजवलेलं. या दोन्हींचं दुखणं वेगळं असतं. शिजवलेलं उरून टाकलं जातं म्हणजे ताटामागचं माप मोठं आहे. तुमच्या घरी भाजी १२० नाही, १०० लागत असेल. आकडा बदला. कच्चं सडतं म्हणजे माप बरोबर असेल, पण ताटं चुकीची मोजली किंवा तो पदार्थ त्या दिवशी झालाच नाही. तिथे माप कमी करून काही होत नाही, पुढच्या आठवड्यात तेच होतं. आणि उलट बाजूही लिहा: मध्येच काय आणायला धावावं लागलं. जिरं दोनदा आलं तर बरणीवरची रेघ वर सरकवा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

लेकीच्या चिठ्ठीवर पहिल्या महिन्यात तीन वेळा ‘भात, शिजवलेला’ असं होतं. ती ताटामागे ६० धरत होती, पण मोजायला जी वाटी वापरत होती ती काठोकाठ भरली की ९० ची निघाली. दोघींनी मिळून वाटी काट्यावर ठेवली तेव्हा उलगडा झाला. आता त्या वाटीच्या आत नेलपॉलिशची एक रेघ आहे.

तुम्ही या रविवारी सगळं एकदम करू नका. आधी नुसती ताटं मोजा आणि भाज्यांची यादी त्यावरून काढा, किराणा नेहमीसारखाच राहू दे. गुरुवारी संध्याकाळी फ्रीजचा खालचा कप्पा ओढून बघा. त्यात फक्त कोबी, गाजर, मटार आणि फ्लॉवरचे तुरे दिसायला हवेत. दुसरं काही हिरवं दिसलं तर ते शनिवारच्या मसालेभातात टाका आणि पुढच्या मेनूत त्याचा वार दोन दिवस अलीकडे आणा.